सकाळी अडीच गिगाबिट, दुपारी एक : अ‍ॅक्सेस पॉइंटची लिंक उतरते कुठे?

नागपुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेल्या उन्हाळ्यात नऊ नवे वाय-फाय ६ अ‍ॅक्सेस पॉइंट बसवले. प्रत्येकाला २.५ गिगाबिटचा पोर्ट. खालच्या मजल्यावरच्या रॅकमध्ये नवा स्विच, त्याच्या २४ पोर्टांपैकी शेवटचे आठ मल्टिगिगाबिट. नववा पॉइंट झेरॉक्सच्या खोलीत होता, त्याला साधा एक गिगाबिटचा पोर्ट पुरला. केबल मात्र जुनीच, बारा वर्षांपूर्वी ओढलेली कॅट ५ई. आठपैकी सात लिंक पहिल्या दिवसापासून २.५ वर उभ्या राहिल्या आणि तशाच राहिल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या वाचन कक्षाची लिंक मात्र सकाळी २.५ वर असायची आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पाहावं तर १ वर. मधल्या वेळेत ती चार-पाच वेळा तुटून जुळायची आणि तेवढ्यात कक्षातल्या सगळ्यांचं वाय-फाय जायचं. तक्रार वेगाची नव्हतीच, ‘नेट मधेच जातं’ ही होती.

ही तक्रार मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता ती एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

आधी केबलबद्दलचा गैरसमज काढू, कारण कंत्राटदाराचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : “साहेब, कॅट ५ई आहे, अडीच चालणारच नाही, सगळं कॅट ६ए करावं लागेल.” हे खरं नाही. २.५ आणि ५ गिगाबिटचं मानक, आयईईई ८०२.३बीझेड, २०१६ साली मंजूर झालं ते मुळात याच केबलींसाठी. जगभरच्या इमारतींत कॅट ५ई आणि कॅट ६ भरलेली होती, अ‍ॅक्सेस पॉइंट एका गिगाबिटच्या पुढे निघाले होते आणि छतातली केबल बदलणं कोणालाच परवडणारं नव्हतं. म्हणून दहा गिगाबिटचं तंत्र घेऊन त्याचा ठोका चार पटींनी हळू केला. दहा गिगाबिटला केबलीतल्या तारांच्या चार जोड्यांपैकी प्रत्येक जोडीवर सेकंदाला ८० कोटी ठोके लागतात, अडीचला २० कोटी. त्यामुळे अडीचचा सिग्नल साधारण १०० मेगाहर्ट्झच्या आत बसतो, आणि कॅट ५ई ची हमी बरोबर १०० मेगाहर्ट्झपर्यंतच असते. म्हणून कॅट ५ई वर २.५ गिगाबिट १०० मीटर. पाच गिगाबिटला २०० मेगाहर्ट्झ लागतात, तिथे १०० मीटरसाठी कॅट ६ धरा. कॅट ५ई वर कमी अंतरात पाच पुष्कळदा चालतं, पण त्याच्या भरवशावर कोणाला शब्द देऊ नका. दहा गिगाबिटला कॅट ६ वर ५५ मीटरपर्यंत, तेही परिस्थिती चांगली असेल तर, आणि पूर्ण १०० मीटरला कॅट ६ए. इतकंच लक्षात ठेवलं तरी पुरे.

पण ‘१०० मीटर’ म्हणजे नक्की काय, इथे बहुतेकांची फसगत होते. भिंतीतली किंवा छतातली पक्की केबल जास्तीत जास्त ९० मीटर, आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड मिळून १० मीटर. शिवाय हा आकडा २० अंश सेल्सिअसचा. नागपुरात मे महिन्यात २० अंश कुठे असतात ते विचारू नका.

आता लिंक का उतरते ते पाहू. लिंक २.५ च्या खाली दिसते याचे तीन वेगळे अर्थ असतात, आणि त्यांचं निदान वेगवेगळं आहे.

पहिला : लिंक कधीच २.५ वर गेली नाही. हा बहुधा केबलचा प्रश्न नसतो. वायर चुकीच्या पोर्टात आहे (स्विचवर ‘मल्टिगिगाबिट’ लिहिलं म्हणजे सगळे पोर्ट तसे नसतात), किंवा त्या पोर्टावर मागे कोणी तरी वेग १ वर बांधून ठेवलाय, किंवा पॉइंटला दोन पोर्ट आहेत आणि वायर त्यातल्या साध्या पोर्टात घातलीय. दहा गिगाबिटचे जुने कॉपर पोर्ट तर २.५ ओळखतच नाहीत. ते १० किंवा १ एवढंच जाणतात आणि निमूटपणे १ वर बसतात. आणखी एक कारण सहसा लक्षात येत नाही : काही मॉडेल पुरेशी पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलीतूनच येणारी, वीज मिळाली नाही तर रेडिओबरोबर इथरनेट पोर्टाचाही वेग उतरवतात. तेव्हा स्विच त्या पोर्टाला १५ वॅट देतोय की ३०, तेही बघा.

दुसरा : लिंक थेट १०० मेगाबिटवर आहे. मग बहुधा एखादी जोडी तुटलीय किंवा नीट पंच झालेली नाही. १०० ला दोनच जोड्या लागतात, १ गिगाबिट आणि पुढे चारही. यात शोधण्यासारखं काही नाही, दोन्ही टोकं पुन्हा पंच करा.

तिसरा आमचा : २.५ वर जाते आणि उतरते. इथे केबल काठावर आहे.

पहिला आणि तिसरा अर्थ वेगळे करायचे तर मी पॉइंटच्या जागी लिनक्सचा लॅपटॉप लावतो, २.५ गिगाबिटच्या यूएसबी अ‍ॅडॉप्टरसह. वायर घातल्या घातल्या हे बघायचं :

```
$ sudo ethtool eth0
  Supported link modes:  ... 2500baseT/Full
  Link partner advertised link modes:  ... 2500baseT/Full
  Speed: 1000Mb/s
```

दोन्ही बाजू 2500 म्हणताहेत आणि तरी `Speed` 1000 असेल, तर दोघांनी प्रयत्न करून हार मानली आहे. समोरच्या बाजूच्या यादीत 2500 नसेल, तर शंका पोर्टावर किंवा सेटिंगवर. एक सावधगिरी : हार मानल्यावर काही चिप 2500 जाहीर करणंच सोडून देतात, त्यामुळे वायर काढून घालून लगेच, दोन-तीनदा वाचा. काही ड्रायव्हर तर `dmesg` मध्ये सरळच लिहून ठेवतात :

```
Downshift occurred from negotiated speed 2.5Gbps to actual speed 1Gbps, check cabling!
```

या उतरण्याचा एक स्वभाव आहे, आणि तो माहीत नसेल तर ‘सकाळी चांगलं असतं’ हे कोडं सुटत नाही. लिंक एकदा १ वर उतरली की परिस्थिती सुधारली तरी ती आपोआप वर चढत नाही. वायर काढून घातली, पोर्ट बंद-चालू केला किंवा वीज गेली, तरच दोन्ही बाजू पुन्हा पहिल्यापासून बोलणी करतात. ग्रंथालयाचे शिपाई काका रोज रात्री जाताना रॅकचं मेन स्विच बंद करून जायचे. म्हणून रोज सकाळी २.५. लिंक रात्री बरी होत नव्हती, रात्री तिला फक्त नवी संधी मिळत होती.

आता ती उतरते दुपारीच का? मी आधी दोन संशय निकालात काढले.

पोर्ट बिघडलाय का, हे पाहायला त्या कक्षाची वायर शेजारच्या चालत्या पोर्टात घातली आणि शेजारची याच्यात. दुपारी त्रास वायरीबरोबर गेला, पोर्टावर राहिला नाही. पॉइंट काढून खाली आणला आणि रॅकजवळ दोन मीटरच्या कॉर्डवर दिवसभर ठेवला : २.५, एकदाही हलला नाही. म्हणजे स्विच आणि पॉइंट दोन्ही निर्दोष.

दुसरा संशय शेजारच्या केबलींचा. १ गिगाबिटपर्यंत या गोष्टीची फारशी फिकीर करावी लागत नाही, २.५ ला मात्र ती लागते. एकाच केबलमधल्या चार जोड्यांचा एकमेकींत मिसळणारा आवाज चिप वजा करू शकते, कारण त्या जोड्यांवर काय पाठवलंय हे तिला माहीत असतं. शेजारच्या केबलीतून येणारा आवाज तिला परका असतो, तो वजा करता येत नाही. याला एलियन क्रॉसटॉक म्हणतात, आणि कॅट ५ई व साध्या कॅट ६ च्या मानकात त्याची मर्यादाच घातलेली नाही. वीस-पंचवीस केबली प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी करकचून बांधून साठ-सत्तर मीटर एकत्र नेल्या असतील आणि त्यातल्या बऱ्याच २.५ वर असतील, तर हा त्रास होऊ शकतो. ओळखायचा उपाय सोपा आहे, शेजारी गप्प करा. मी एका शनिवारी दुपारी अडीच वाजता त्या जुडग्यातल्या बाकी सगळ्या वायरी रॅकमधून काढल्या आणि वाचन कक्षाची लिंक पुन्हा वर आणली. अकरा मिनिटांत ती उतरली. शेजारी निर्दोष. उलट निकाल आला असता तर पट्ट्या सोडून जुडगं सैल केलं असतं, तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

राहिली ती वायर आणि तिच्या वाटेत जे जे आहे ते.

केबलची लांबी मोजायला महागडं यंत्र लागत नाही. चांगल्या केबलच्या सालीवर दर मीटरला आकडा छापलेला असतो. रॅकच्या टोकाला आकडा वाचा, पॉइंटच्या टोकाला वाचा, वजाबाकी करा. रॅकशी २६८ होतं, वर फॉल्स सिलिंगमध्ये १७३. म्हणजे पक्की केबलच ९५ मीटर. रॅकमध्ये तीन मीटरची कॉर्ड, वर दोन मीटरची. कागदावर बरोबर १००.

मग तापमान. तांब्याच्या तारेत सिग्नलची गळती उष्णतेने वाढते : विनाकवच केबलला २० ते ४० अंशांत दर अंशाला ०.४ टक्के, ४० ते ६० अंशांत दर अंशाला ०.६ टक्के, असा मानकाचा हिशोब आहे. वाचन कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर. केबलचे शेवटचे ४० मीटर गच्चीच्या स्लॅबखाली, फॉल्स सिलिंगच्या वर. तिथे दुपारी तीन वाजता थर्मामीटर ठेवला तर ५४ अंश. खालच्या डक्टमध्ये ३६.

हिशोब मांडू. स्लॅबखालच्या भागाला पहिल्या २० अंशांचे ८ टक्के आणि पुढच्या १४ अंशांचे ८.४, मिळून १६.४ टक्के. ४० मीटरवर ते साडेसहा मीटर जास्त लांबी असल्यासारखे. खालच्या ५५ मीटरला ६.४ टक्के, म्हणजे साडेतीन मीटर. पॅच कॉर्ड लवचीक, बारीक तारांच्या गुंफणीच्या असतात, त्यांची गळती पक्क्या केबलपेक्षा साधारण २० टक्के जास्त धरतात, म्हणून पाच मीटरचे सहा. बेरीज : ९५, १०, ६. दुपारी तीनला ही केबल १११ मीटरची होती. सकाळी आठला, स्लॅब रात्रभर निवल्यावर, ती बरीच आखूड असायची. केबल रोज दुपारी लांब होते, असं ग्रंथपाल मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते.

तेवढ्यावर थांबलं नाही. सिलिंगमध्ये चढलो तर वायरीच्या वाटेत एक सर्ज प्रोटेक्टर सापडला. काही वर्षांपूर्वी विजेच्या गडगडाटात एक पोर्ट जळाला होता, तेव्हा कोणी तरी बसवलेला. त्यावर ‘गिगाबिट’ असं अभिमानाने छापलेलं. अडचण तीच आहे : एका गिगाबिटचा सिग्नल मुख्यतः साठ-बासष्ट मेगाहर्ट्झच्या आत असतो, आणि तेवढ्यासाठी बनवलेली वस्तू १०० च्या आसपास काय करते याची कोणी हमी दिलेली नसते. वाटेत बसवायचे जुने पीओई इंजेक्टर आणि दोन वायरी जोडायचे स्वस्तातले कपलर यांचंही तेच. एका गिगाबिटवर वर्षानुवर्षं कुरकुर न करणारी ही मंडळी अडीचला आडवी येतात. ही केबल इमारतीच्या आतच होती, बाहेर कुठेच जात नव्हती, म्हणून मी तो प्रोटेक्टर काढून टाकला. गच्चीवर किंवा खांबावर जाणारी केबल असती तर काढला नसता, २.५ साठी बनवलेला दुसरा बसवला असता.

प्रोटेक्टर गेल्यावर फरक लगेच दिसला. लिंक आधी साडेबाराच्या सुमारास उतरायची, आता तीननंतर, तेही फार तापलेल्या दिवशीच. रोग ओळखीचा होता, फक्त थोडा मागे सरकला होता.

याच वेळी तार खरंच तांब्याची आहे का हेही पाहिलं. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल बाजारात भरपूर आहे, तिच्यावर कॅट ६ छापलेलं असतं आणि ती कोणत्याच कॅटच्या मानकात बसत नाही. वरच्या टोकाला एका जोडीच्या दोन तारा एकमेकींना जोडायच्या आणि खाली मल्टिमीटरने त्या जोडीचा रोध मोजायचा (अर्थात स्विचपासून वायर काढून, नाही तर पीओई मल्टिमीटरला भेटेल). ९५ मीटर खऱ्या तांब्याला साधारण १६ ते १८ ओहम यायला हवेत, उन्हात एखाद-दोन जास्त. मुलाम्याच्या तारेला २५ च्या पुढे जातात. इथे १७.५ आले. बारा वर्षांपूर्वी ज्याने केबल घेतली त्याने प्रामाणिकपणे घेतली होती. चाकूने तार खरवडून आत पांढरी दिसते का पाहणं हा आणखी झटपट उपाय.

उरलेलं कारण सिलिंगमध्येच डोक्यावर लोंबत होतं. वायरिंग करणाऱ्या दादाने पॉइंटजवळ आठ मीटर केबल गुंडाळून ठेवली होती, ‘पुढेमागे जागा बदलली तर’ म्हणून. हेतू चांगलाच, पण ती आठही मीटर सगळ्यात तापलेल्या जागी. वेटोळं कापलं, १८१ च्या खुणेवर नवा जॅक पंच केला. पंच करताना जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही. जुन्या जॅकवर तो चांगला इंचभर उलगडलेला होता. एका गिगाबिटने तेही इतकी वर्षं चालवून घेतलं होतं. दोन्ही टोकांच्या कॉर्ड बदलून एक-एक मीटरच्या घातल्या.

आता पुन्हा हिशोब : पक्की केबल ८७, त्यातली ३२ स्लॅबखाली. उष्णतेचे सव्वापाच आणि साडेतीन मिळून पावणेनऊ मीटर, कॉर्डचे २.४. बेरीज ९८. शंभराच्या आत.

खात्री करायला तापलेल्या दुपारी खालच्या सर्व्हरवरून लॅपटॉपपर्यंत अर्धा तास भार टाकला :

```
iperf3 -c 192.168.10.5 -R -P 4 -t 1800
```

२.५ च्या निरोगी लिंकवर टीसीपीचा वेग २.३५ गिगाबिटच्या आसपास येतो. तो आला आणि शेवटपर्यंत स्थिर राहिला. अर्थात यासाठी सर्व्हरकडेही २.५ किंवा त्याहून जास्तीचा पोर्ट हवा, नाही तर ९४१ मेगाबिट बघून केबलला दोष देत बसाल. चाचणीनंतर चुकांचे आकडेही बघा :

```
ip -s -s link show eth0
```

इथे `crc` शून्य असणं चांगलं, पण त्यावर फार विसंबू नका. २.५ मध्ये चूक दुरुस्त करणारा कोड चिपमध्येच बसवलेला असतो, तो काठापर्यंत सगळं सावरून घेतो. त्यामुळे चुका हळूहळू वाढताना दिसत नाहीत. बराच वेळ शून्य, मग एकदम लिंकच पडते. म्हणून मी आकड्यापेक्षा स्विचच्या नोंदींवर नजर ठेवली, दुपारी किती वेळा लिंक तुटली ते मोजत. मेच्या उरलेल्या अठरा दिवसांत एकदाही नाही.

अंतर कमी करण्यासारखं काही उरलं नसतं तर काय केलं असतं? त्या एका पोर्टावर २.५ बंद करून टाकलं असतं. ग्रंथालयाची इंटरनेट लाइन ३०० मेगाबिटची आहे, वाचन कक्षातल्या कोणालाही १ आणि २.५ मधला फरक कळला नसता. दर दुपारी तुटणारी लिंक मात्र सगळ्यांना कळत होती. फक्त ते करताना पोर्ट ‘ऑटो’वरच ठेवायचा आणि जाहीर करायच्या वेगांतून 2500 काढायचा. कॉपरवर १ गिगाबिट आणि त्यापुढे दोन्ही बाजूंची बोलणी व्हावीच लागतात. ऑटो पूर्ण बंद करून वेग बांधला तर काही स्विच आणि पॉइंटांची जोडी थेट १००, तेही हाफ ड्युप्लेक्सवर जाऊन बसते, आणि मग पुन्हा मलाच फोन येतो.

शिपाई काकांना मात्र रॅक रात्री बंद करू नका असं सांगितलं. ते म्हणाले, “मग बंद-चालू करून बरं होणारं आता काहीच उरलं नाही का?” त्यांना मोठ्या वाचनालयाच्या संगणकांसाठी तो हक्क अबाधित ठेवलाय.